परत आलेल्या जोडाचा हिशेब

कोल्हापुरातल्या एखाद्या चप्पल कारागिराला ऑनलाइन दुकान काढायचं असेल, तर ते उभं राहायला दोन-चार संध्याकाळी पुरतात. मोबाइलवर काढलेले फोटो, बँकेचं खातं, पॅन कार्ड आणि महिन्याला थोडं भाडं घेणारी एखादी तयार सेवा, एवढ्यावर काम होतं. कस लागतो तो नंतर. पाठवलेला जोड गिऱ्हाइकाच्या पायाला बसला नाही किंवा दारातूनच माघारी आला, की त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च कारागिराच्या खिशातून जातो. दहातले किती जोड परत येतात, यावर असं दुकान टिकतं किंवा बंद पडतं. त्यामुळे दुकानाचं पान लिहिताना, खोकं निवडताना, पैसे घेण्याची पद्धत ठरवताना परत येणारं पार्सल डोळ्यांसमोर ठेवावं, असं मला ठामपणे वाटतं.

कोल्हापुरी चप्पल हे उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. घरी केलेला मसाला किंवा मातीचा दिवा सगळ्यांना सारखाच चालतो, पण चपलेला माप लागतं. त्यातून ती हातानं शिवलेली, झाडपाल्याच्या अर्कात कमावलेल्या चामड्याची. दोन जोडांचा रंग तंतोतंत जुळत नाही. नवी असताना अंगठा घट्ट लागतो आणि चार-आठ दिवस वापरल्यावर चामडं सैलावतं. दुकानात बसून हे समजावता येतं. गिऱ्हाइकाचा पाय बघूनच अनुभवी कारागीर जोड पुढे करतो. नागपूरच्या किंवा बंगळुरूच्या गिऱ्हाइकाचा पाय मात्र त्याला दिसत नाही, आणि परतीची निम्मी कारणं इथंच जन्म घेतात.

म्हणून दुकानाच्या पानावर सगळ्यात जास्त कष्ट मापावर घ्यावेत. 'साइज ८' एवढं लिहून भागत नाही, कारण बुटांच्या प्रत्येक कंपनीचा आठ वेगळा असतो आणि गिऱ्हाईक आपल्या बुटाचा आकडा सांगून मोकळं होतं. त्याऐवजी पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये मागावी. कृती सोपी आहे. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवायचा, टाच भिंतीला टेकवून त्यावर पूर्ण भार देऊन उभं राहायचं आणि सगळ्यात पुढे येणाऱ्या बोटाशी खूण करायची. हे बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. मोजणी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराच्या वावरानं पाय किंचित फुगलेला असतो. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठा आकडा धरावा. यानंतर पट्टा जिथं येतो, त्या पायाच्या उंच भागाभोवती शिलाईची टेप फिरवून घेर घ्यावा. रुंद पायाच्या माणसाला लांबी बरोबर असूनही चप्पल होत नाही ती या घेरामुळे.

यासमोर कारागिरानं आपल्या साच्यांचा तक्ता द्यायचा: किती लांबीच्या आणि किती घेराच्या पायाला आपला कोणता नंबर. तो इंटरनेटवरून उतरवून घेऊ नये, कारण तो दुसऱ्याच्या साच्याचा असतो. ओळखीतल्या पंधरा-वीस जणांचे पाय मोजून, त्यांना आपले जोड घालायला देऊन तक्ता पडताळावा. कापशीसारख्या जड, रुंद पट्ट्याच्या चपलेला आणि बायकांच्या नाजूक वेणीच्या चपलेला एकच तक्ता चालत नाही, हे लक्षात ठेवावं.

फोटोंबद्दल थोडक्यात. सावलीतल्या दिवसाच्या उजेडात काढावेत, कारण पिवळ्या दिव्याखाली चामड्याचा रंग फसवा येतो आणि 'फोटोत वेगळी दिसत होती' ही तक्रार ओढवते. एका फोटोत चप्पल पायात हवी आणि एकात तळाशेजारी मोजपट्टी. वर्णनात साध्या भाषेत सांगावं की तेल आणि उन्हानं रंग गडद होत जाईल, पहिले काही दिवस अंगठा घट्ट लागेल, पावसात ही चप्पल वापरू नये. आपल्याच मालाची उणी बाजू लिहायला कारागीर बिचकतो, पण ही चार वाक्यं जितक्या परती वाचवतात, तितक्या दुसऱ्या कशानंही वाचत नाहीत.

सुरुवातीला सहा-सात नमुने पुरे. सहा नमुने आणि प्रत्येकाचे सहा नंबर म्हटलं, तरी छत्तीस प्रकारचे जोड झाले आणि प्रत्येकाचा साठा दुकानात बरोबर दिसायला हवा. सकाळी घरी येऊन कोणी एक जोड नेला आणि पानावर तो 'उपलब्ध'च राहिला, तर संध्याकाळी त्याचे पैसे भरलेलं गिऱ्हाईक अडकतं. तयार जोड आणि मागणीनुसार करून द्यायचे जोड वेगळे दाखवावेत, दुसऱ्याखाली 'दहा दिवसांनी रवाना' असं स्पष्ट लिहावं.

दुकान कशावर काढायचं यावर लोक फार घोळ घालतात. वर्डप्रेसवर वूकॉमर्स बसवलं तर सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, पण होस्टिंग, अद्ययावतीकरण आणि बिघाड आपल्या गळ्यात येतात. शॉपिफायसारख्या तयार सेवेत महिन्याचं भाडं जातं, पण रात्री दुकान बंद पडलं म्हणून कारागिराला उठावं लागत नाही. घरात तांत्रिक कामाची आवड असलेलं कोणी नसेल, तर भाड्याची सेवा घ्यावी. पैसे घेण्यासाठी रेझरपे, कॅशफ्री, पेयू असे गेटवे आहेत. ते खातं सुरू करण्याआधी दुकानाचं पान तपासतात; संपर्काचा पत्ता, परतीचं धोरण, गोपनीयता आणि अटी यांची पानं नसली तर अर्ज अडतो. शुल्क साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असतो.

जीएसटीची एक गोष्ट मात्र आधीच बघून घ्यावी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण दुसऱ्या राज्यात माल विकायला लागलं की ही सवलत सहसा लागू होत नाही. हस्तकलेच्या अधिसूचित वस्तूंना यातून मर्यादेपर्यंत सूट आहे. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे कर सल्लागाराकडून पहिली परराज्यातली ऑर्डर घेण्याआधी विचारून घ्यावं. शिवाय 'कोल्हापुरी चप्पल' या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं असून ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांपुरतं आहे. तिथल्या कारागिरानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेतली, तर अस्सलपणाचा दाखला दुकानाच्या पानावर लावता येतो.

आता खोक्याकडे येऊ, कारण कारागिरांचे पैसे इथून गुपचूप गळतात. कुरिअर कंपनी पार्सलाचं फक्त वजन बघत नाही, त्यानं गाडीत किती जागा अडवली तेही बघते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक कंपन्यांच्या रीतीप्रमाणे ५,००० नं भागायची. येणारा आकडा म्हणजे आकारमानाचं वजन, किलोमध्ये. काट्यावरचं वजन आणि हे वजन यांपैकी जे जास्त, त्यावर दर लागतो, आणि दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यानं चढतो.

समजा पुरुषांचा जोड पॅक करून ८५० ग्रॅम भरला. बाजारातून आणलेलं बुटाचं खोकं ३२ बाय २२ बाय १० सेंटीमीटरचं आहे. गुणाकार ७,०४०, भागून १.४ किलो. म्हणजे भाडं दीड किलोचं. तोच जोड तळाला तळ लावून ३० बाय २० बाय ८ च्या खोक्यात बसवला, तर ०.९६ किलो येतात आणि भाडं एका किलोचं लागतं. अर्ध्या किलोला ४५ रुपये दर धरला, तर पहिल्या खोक्याला १३५ आणि दुसऱ्याला ९० रुपये. दर जोडामागे ४५ रुपये केवळ हवा वाहून न्यायला जात होते.

यात एक बारकी खोच आहे. झाकण नीट न बसल्यानं किंवा आत कागद कोंबल्यानं खोकं प्रत्येक बाजूला एक सेंटीमीटर फुगलं, तर ३१ बाय २१ बाय ९ चं माप ५,८५९ होतं, म्हणजे १.१७ किलो, आणि पुन्हा दीड किलोचं भाडं. कुरिअरच्या गोदामात पार्सल मशिनवर मोजलं जातं. तिथलं माप आपण भरलेल्या मापापेक्षा जास्त निघालं, तर फरक खात्यातून आपोआप वळता होतो. शिपरॉकेटसारख्या, एकाच खात्यातून अनेक कुरिअर कंपन्या निवडू देणाऱ्या सेवांच्या पडद्यावर हे 'वजनातील तफावत' या सदरात दिसतं आणि हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात. म्हणून प्रत्येक मापाच्या भरलेल्या खोक्याचे फोटो एकदाच काढून ठेवावेत: एक काट्यावर, आणि तिन्ही बाजूंना टेप लावून तीन. हे पुरावे असले की हरकत टिकते. आठवड्यातून एकदा हे सदर उघडून बघायला हवं, एरवी पैसे गेलेले कळतही नाहीत.

चामडं थेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये. किंचित ओल राहिली असेल, तर आठ दिवसांच्या प्रवासात बुरशीचे पांढरे ठिपके येतात, आणि पावसाळ्यात हे हमखास घडतं. तेल पूर्ण मुरलेला, सुकलेला जोड आधी साध्या पातळ कागदात गुंडाळावा, ओल शोषणारी छोटी पुडी टाकावी, मग खोकं आणि त्यावर कुरिअरची चिकट तोंडाची पिशवी. लेबलावर पारदर्शक टेप लावताना बारकोड मोकळा ठेवावा, कारण चकाकीमुळे तो कधी कधी वाचला जात नाही. पार्सल न्यायला आलेल्या मुलाकडून प्रत्येक पार्सल आपल्यासमोर स्कॅन करून घ्यावं. स्कॅन नाही, तर ते आपल्या हातून गेल्याची नोंद नाही, आणि हरवलं तर भरपाई मागायला आधार उरत नाही.

यापुढचा प्रश्न सगळ्यात महागडा आहे: दारात रोख पैसे घ्यायचे की आधी? आकडे मांडून बघू. कर बाजूला ठेवून जोडाची किंमत १,२०० रुपये आणि चामडं, मजुरी, खोकं मिळून खर्च ८०० धरू. जाण्याचं भाडं ९०. आधी पैसे भरलेल्या ऑर्डरीत गेटवेचे साधारण २८ रुपये जातात आणि हाती २८२ उरतात. दहा जोडांचे २,८२०. दारात रोख घेतले तर कुरिअर त्यासाठी समजा ४० रुपये लावतो, म्हणजे एका जोडामागे २७० उरतात. फरक फक्त बारा रुपयांचा दिसतो. पण दहापैकी तिघांनी पार्सल घेतलंच नाही तर? सात जोडांचे १,८९० मिळतात, आणि तीन जोडांचे जाण्याचे ९० आणि येण्याचे ९० असे ५४० रुपये जातात. उरतात १,३५०, म्हणजे निम्म्याहूनही कमी. परत आलेले जोड दोन-तीन आठवडे रस्त्यावर अडकून पडतात, तोवर ते दुसऱ्याला विकता येत नाहीत. रोखीचे पैसेही कुरिअरकडून काही दिवसांनीच खात्यात येतात आणि तेवढा काळ चामड्याची उधारी डोक्यावर राहते.

दारात रोख ही सोय पूर्ण बंद करा, असं मी म्हणणार नाही. नव्या, अनोळखी दुकानात आधी पैसे भरायला माणूस कचरतो, आणि ते रास्तच आहे. मधले मार्ग आहेत. आधी पैसे भरणाऱ्याला ५० रुपये सूट दिली, तरी वरच्या हिशेबात दहा जोडांचे २,३२० उरतात, म्हणजे रोखीपेक्षा बरेच जास्त. किंवा रोखीच्या ऑर्डरीत १५० रुपये आगाऊ यूपीआयनं घ्यावेत आणि बाकीचे दारात. ज्यानं दीडशे भरले, तो पार्सल सहसा नाकारत नाही. मात्र रद्द केल्यास ती रक्कम कापणार असाल, तर ते आधी सांगायला हवं, आणि नियमानुसार आपण स्वतः ऑर्डर रद्द केली तर तेवढाच भुर्दंड आपणही सोसायला हवा.

सगळीच परतलेली पार्सलं गिऱ्हाइकानं नाकारलेली नसतात. बरीचशी 'ग्राहक उपलब्ध नाही' किंवा 'पत्ता अपुरा' या शेऱ्यावर परत फिरतात. कुरिअर साधारण तीन वेळा फेरी मारतो, मग पार्सल परतीच्या वाटेला लागतं. पहिला शेरा पडद्यावर दिसला, त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला फोन करावा. अनेकदा तो म्हणतो, 'अहो, मी दिवसभर घरीच होतो, कोणी आलंच नाही.' मग त्याच्याकडून जवळची खूण आणि सोयीची वेळ घेऊन पडद्यावर पुन्हा फेरीची विनंती टाकावी. हा फोन दुसऱ्या दिवसावर गेला, तर दुसरी फेरीही वाया जाते. ऑर्डर आल्यावर पिनकोड आणि गावाचं नाव जुळतं का, हेही बघून घ्यावं. एकाच नावाची गावं महाराष्ट्रात भरपूर आहेत.

आता दारात पोचून, उघडून, मग परत येणारे जोड. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये आले. वस्तू सदोष असेल, भलतीच गेली असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा कबूल तारखेनंतर पोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेणं नाकारता येत नाही. तक्रार निवारणासाठी एका व्यक्तीचं नाव पानावर द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. घरगुती धंद्यात ही व्यक्ती म्हणजे कारागीर स्वतः किंवा घरातलं कोणी. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही दुकानातली पाटी इथं चालत नाही.

माप चुकल्याची परत मात्र वेगळी आहे, तिथं धोरण आपण आखू शकतो. पुन्हा वरचाच हिशेब. घरून जोड परत उचलून आणायचं भाडं समजा ११० रुपये. पैसे परत केले, तर जाण्याचे ९०, येण्याचे ११० आणि गेटवेचे २८ असे २२८ रुपये गेले, कारण गेटवे आपलं शुल्क सहसा परत करत नाही. त्याऐवजी दुसऱ्या मापाचा जोड पाठवला, तर २८२ मधून ११० आणि पुन्हा जाण्याचे ९० वजा होऊन ८२ रुपये तरी उरतात, आणि गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल राहते. म्हणून मापाची पहिली अदलाबदल फुकट ठेवावी आणि पैसे परत हवे असतील तर परतीचं भाडं कापावं, असं माझं मत आहे. मुदत सात दिवसांची पुरते. खास मापानं शिवलेला जोड दोषाशिवाय परत घेतला जाणार नाही, हे पैसे भरण्याच्या बटणाच्या वरच दिसायला हवं.

अदलाबदल मागणाऱ्याला आधी दोन प्रश्न विचारावेत: कुठं घट्ट होते आणि पायाची लांबी किती आली? फक्त अंगठा रुतत असेल, तर तो सैलावेल, असं समजावून चार दिवस घरात वापरायला सांगावं. त्यानं जोड परत येण्याचं टळू शकतं. टाच तळाबाहेर जात असेल, तर मात्र नंबरच चुकला आहे, वाट बघण्यात अर्थ नाही. जोडासोबत एक चिठ्ठी घालावी: आधी सतरंजीवर किंवा गादीवर चालून बघा, बाहेर नेलेला जोड बदलून मिळणार नाही. चामड्याचा तळ रस्त्यावर एकदा टेकला, की त्यावर खरचटल्याच्या बारीक रेघा उमटतात आणि त्या पुसल्या जात नाहीत. परत आलेला जोड उजेडात तिरका धरला, की घरात चाललेला कोणता आणि बाजारात फिरलेला कोणता, हे लगेच ओळखू येतं.

परतीचं पार्सल उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करावं. आधी लेबल दिसावं, मग न फोडलेली पिशवी, मग उघडणं. जुनी चप्पल किंवा दुसऱ्याच दुकानाचा जोड निघण्याचे प्रकार घडतात, आणि कापून जोडलेल्या चित्रणाला दाव्यात किंमत नसते. पिशवी आधीच फाटलेली असेल, तर पोचपावतीवर तसा शेरा मारूनच पार्सल घ्यावं.

शेवटी एक वही ठेवावी. परत आलेल्या प्रत्येक जोडाचा नमुना, नंबर, गाव आणि गिऱ्हाइकाच्या शब्दांत कारण. पंचवीस-तीस नोंदी झाल्या, की काही ओळी वारंवार दिसू लागतात. एकाच नमुन्याचा सात नंबर सतत 'घट्ट' म्हणून येत असेल, तर त्या साच्याचा तक्ता चुकला आहे. पानावर त्या नमुन्याखाली 'एक नंबर मोठा घ्या' असं लिहावं आणि पुढच्या वेळी साचाच दुरुस्त करावा. एका पिनकोडावरून सारखी रोखीची पार्सलं नाकारली जात असतील, तर तिथं फक्त आगाऊ पैसे ठेवावेत. 'रंग वेगळा' असं दोनदा आलं, तर त्या नमुन्याचे फोटो त्याच आठवड्यात पुन्हा काढावेत.